मोतिया पैठणी आणि लाँड्रीला लिहिलेलं पत्र

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या थोरलीने विचारलं, "आजी, पणजीची पैठणी मला नेसायची आहे, पण आधी इथल्या लाँड्रीत देऊ का?" मी घाईने "थांब" म्हणाले आणि फोन ठेवला. थांब का म्हणाले, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसले आहे.

तुमच्या आईच्या साखरपुड्याआधीची गोष्ट. आम्ही जालन्यात राहत होतो. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, आष्टीला शेतावरच्या घरी असत. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांची एक नऊवारी पैठणी होती, मोतिया रंगाची, हिरव्या काठाची, पदर सगळा जरीचा. मलमलच्या कपड्यात गुंडाळलेली. वर्षातून एकदा सावलीत उघडायची, घडी बदलायची, परत ठेवायची. घडी तीच राहिली तर जरीचे धागे त्या रेघेवर तुटतात, हे मला त्यांनीच शिकवलं. ती साडी कधी धोब्याकडे गेली नव्हती.

अंबडला माझ्या भाच्याचं लग्न निघालं, तेव्हा त्यांनी ती मला आपणहून नेसायला दिली. सांगितलं एवढंच, की नातीच्या साखरपुड्याला मी हीच नेसणार, तेव्हा जशी दिली तशी परत दे.

पंगतीत वाढणाऱ्याने वरणाची पळी जरा लांबूनच टाकली. फोडणीचं तेल आणि हळद दोन्ही माझ्या मांडीवर. घरी येऊन मी डागावर टाल्कम पावडर भुरभुरली, रात्रभर ठेवली, सकाळी झटकली. तेल बरंच निघालं, पिवळेपणा तसाच. लिंबू चोळायचा विचार मनात आला होता. चोळलं नाही, ही त्या आठवड्यातली माझी सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. साखरपुड्याला बारा दिवस होते आणि आत्याबाई दोन दिवस आधी येणार होत्या.

जुन्या जालन्यात एक लाँड्री होती. मालक वयस्कर, रेशमी कपडे स्वतः हाताळणारे, अशी ख्याती. तुमचे आजोबा स्कूटरवरून ऑफिसला जाताना साडी देणार होते. मी म्हटलं, काय काय सांगायचं ते लक्षात राहील ना? ते म्हणाले, "सांगतो ना, जपून करा म्हणून." म्हणजे झालंच. मी पत्र लिहायला घेतलं.

पहिला मसुदा सवयीने इंग्रजीत झाला. आजोबांनी तो चष्म्यावरून बघितला आणि विचारलं, "साडी धुवायला चाललीय की हायकोर्टात?" मग मराठीत लिहिला. त्यातलं मुख्य असं होतं:

"साडी पाण्यात घालू नये, फक्त पेट्रोलने (ड्रायक्लीन) धुवावी. धुण्याआधी काठाच्या आतल्या टोकाला रंग जातो का ते पाहावं. डाग तेल आणि हळदीचा आहे, तीन दिवसांचा. घासू नये, ब्लीच लावू नये. पिळू नये, उन्हात वाळवू नये. खुणेसाठी बिब्ब्याची शाई वापरू नये, चिठ्ठी दोऱ्याने दशांना बांधावी. जरीत टाचणी किंवा पिन मुळीच टोचू नये. खळ आणि रोल पॉलिश नको. इस्त्री कोमट, उलट्या बाजूने, वर मलमल ठेवून. तोंडाने पाणी फवारू नये."

शेवटी सही केली, तारीख घातली, दोनदा वाचलं. साडी मलमलमध्ये ठेवली, पत्र हरवू नये म्हणून नीट लावलं, आणि पिशवी आजोबांच्या हातात दिली. त्या पाच दिवसांत मी देवाला जितका नमस्कार केला, तितका मॅट्रिकच्या परीक्षेलाही केला नव्हता.

सहाव्या दिवशी साडी आली. माझ्याच पत्राच्या मागे लाँड्रीवाल्यांनी उत्तर लिहिलं होतं, एकेक अक्षर सुटं आणि वळणदार:

"बाईसाहेब, तुमचं खत तीन वेळा वाचलं. सगळं बराबर केलं. तेल गेलं. हळद पूर्ण गेली नाही, ती पेट्रोलला दाद देत नाही. अजून जोर केला असता तर रेशीम विरलं असतं, म्हणून तिथंच थांबलो. आता एक सांगतो, राग मानू नका. पिन टोचू नये असं लिहिलेलं तुमचं खत तुम्ही पदराला पिननेच लावलं होतं. काढताना जरीचे तीन धागे ओढले गेले. बोथट सुईने उलट्या बाजूने हळूहळू परत बसवले. कापले नाहीत."

मी पदर उलटसुलट करून ते तीन धागे शोधायला लागले. आजोबा तोंडावर वर्तमानपत्र धरून हसत होते, वर्तमानपत्र हलत होतं म्हणून कळलं.

डाग उरला होता, फिकट, अंगठ्याएवढा. आत्याबाई आल्या. साडी धोब्याकडे गेली होती, डाग होता, आणि वर पदराला मी पिन टोचली होती. आधी काय सांगावं ते सुचेना, म्हणून मी साडीच्या जोडीला पत्रही समोर ठेवलं.

त्यांनी साडी उजेडात धरली. डाग लगेच सापडला. मग कागदाकडे बोट केलं. "हे काय हाय?"

"लाँड्रीला लिहिलेलं पत्र, आत्याबाई."

"वाच मंग."

त्यांना वाचता येत नव्हतं. मी सगळं वाचून दाखवलं. बिब्ब्याच्या वाक्याला त्यांनी मान डोलावली, फवारणीच्या वाक्याला "बराबर लिवलं" म्हणाल्या. मग मी कागद उलटला. पिनेपाशी माझा आवाज बारीक झाला.

"काय म्हणलीस? मोठ्यानं वाच."

मोठ्यानं वाचलं. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला, मला पाणी आणावं लागलं.

"येवढी शिकलेली तू," त्या म्हणाल्या, "अन् कागद लिवून राह्यली लोकाला, पिन लावायची न्हाई म्हणून."

मी विचारलं, डाग दिसेल ना? दुसरी साडी काढू का?

"कशाला? माझ्या नेसणीत कासोट्यात जातो तो. म्या नेसून राह्यले का तू?" आणि वर म्हणाल्या, "त्या माणसाला साखरपुड्याला बोलाव. थांबावं कुठं ते कळतंय त्याला."

ते लाँड्रीवाले आले. आत्याबाईंनी पैठणी नेसून त्यांना स्वतः पेढा दिला आणि पिनेची गोष्ट त्यांच्याकडून पुन्हा एकदा, सगळ्या पाहुण्यांसमोर, ऐकली. मी स्वयंपाकघरात होते, तरी मला सगळं ऐकू आलं. त्यानंतर आमच्या घरची प्रत्येक रेशमी साडी पत्रासोबत त्यांच्याकडे जायची, आणि पत्र दोऱ्याने बांधलेलं असायचं.

तर थोरले, साडी पार्सलने पाठवते आहे. लाँड्रीत द्यायचीच झाली तर या पत्रातलं सगळं तिथल्या भाषेत लिहून दे. नाही दिली तरी चालेल. सावलीत दोन तास पसर, बस.

आत्याबाई गेल्या, लाँड्रीवालेही गेले, दुकानाच्या जागी आता मोबाइल मिळतात. साडी आहे. जरीचा पदर काळवंडलेला नाही, ओढलेले तीन धागे चष्मा लावूनही सापडत नाहीत, आणि हळदीचा डाग आहे तिथेच आहे.

तुमची आजी