लेव्हल फिरवून बघा

वाकडी फळी दिसली की सुतारमामांना किळस यायची. त्यामुळे वाचनालयाच्या बाईंनी "तुम्ही लावलेल्या फळीवरून पेन घरंगळतंय," असं कळवलं, तेव्हा ते तोंड वाकडं करूनच आले. टेप आणि स्टीलची पट्टी लावून खुणा केल्या होत्या, आता चूक कसली? त्यांनी फळीवर सपाटी तपासायची लेव्हल ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये होता.

"आता तीच उलटी फिरवून ठेवा," बाई म्हणाल्या.

मामांनी टोकं बदलली आणि बुडबुडा एका बाजूला सरकला. म्हणजे लेव्हलच चुकीचं दाखवत होती; ती महिन्यापूर्वी शिडीवरून पडली होती. त्यांनी ती तपासलीच नव्हती. तिच्याच भरवशावर वाचनालयात आणि लोकांच्या घरी अकरा फळ्या आणि चार तसबिरी लावल्या होत्या. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

नवी लेव्हल दोन्ही बाजूंनी पारखून ते घरोघरी गेले. "चूक माझी आहे," एवढंच सांगून त्यांनी सगळं पुन्हा लावून दिलं.