बर्फाच्या समुद्रातल्या पेट्या

अमरावतीच्या राजापेठेत, गणिताच्या शिकवणीच्या वरच्या मजल्यावर एक छोटंसं ऑफिस आहे. खाली पोरांच्या गाड्यांची एवढी दाटी, की जिन्यापाशी पोहोचायला अंग चोरून जावं लागतं. दामिनी भुयार रोज सकाळी तशीच वर येते, ओढणीनं खुर्ची झटकते, कॉम्प्युटर सुरू करते आणि सगळ्यात आधी अख्खं जग पाहते.

खरं म्हणजे तिला जगाशी काही घेणंदेणं नाही. तिचं काम अकोला आणि अमरावती, एवढ्या दोन जिल्ह्यांचं. शेतात फवारणीचे ड्रोन उडतात, त्या ड्रोनवाल्यांना आणि मधमाश्या पाळणाऱ्यांना एका ॲपमध्ये बांधून ठेवायचं. कोणाच्या पेट्या कोणत्या शेताच्या धुऱ्याशी, बांधाशी ठेवल्यात ते नकाशावर पिवळ्या ठिपक्यानं दाखवायचं. ज्या शेतात फवारणी आहे त्याच्या किलोमीटरभरात पिवळा ठिपका असला, की ॲप आदल्या दिवशी पेटीवाल्याला आणि ड्रोनवाल्याला दोघांनाही फोनवर खबर देतं. मग दोघं बोलून वेळ ठरवतात. माश्या घरात असताना औषध पडलं तर त्या वाचतात. फुलावर असताना पडलं तर पेटीच्या तोंडाशी मेलेल्यांचा सडा पडतो.

ॲप बांधलं कुलदीपनं. हुशार पोरगा, दामिनीहून चार वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ. दामिनीची ती सकाळची सवय पाहून तो रोज एकदा तरी बोलणारच.

"ताई, आपलं गिऱ्हाईक बाळापुरात हाय, ब्राझीलमधी नाई. काहून एवढा नकाशा लहान करून राहिली?"

"टोपली उपडी करून राहिली," दामिनी म्हणते.

ते तिच्या आईचं शिकवणं. गोदाबाई अचलपूरची. माळ्याचं घर, दोन एकर झेंडू आणि शेवंती, आणि बाजारात फुलांचं बसणं. दामिनी लहानपणापासून आईसोबत बाजारात गेलेली. दुसऱ्याकडून फुलं घ्यायची वेळ आली तर गोदाबाई वरून हात फिरवत नसे. सरळ टोपली धोतराच्या फडक्यावर उपडी करायची. विकणारा चिडायचा, "काकू, विश्वास नाई का?" त्यावर ती म्हणायची, "तुह्यावर हाय रे बापा, टोपलीवर नाई." वर टवटवीत आणि तळाशी काळं पडलेलं, हे तिनं फार वेळा पाहिलं होतं. दामिनी भूगोल शिकली, नकाशे शिकली, पण कामाची रीत आईचीच राहिली.

त्या फेब्रुवारीत कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलले होते. पांढऱ्या गोंड्यांवर माशी बसल्याशिवाय बी भरत नाही, म्हणून पेट्यांना मागणी. नव्या पेटीवाल्यांची सगळी माहिती एकदम ॲपमध्ये चढली. गावोगावच्या पोरांनी ती गोळा केली होती. कॉम्प्युटरनं हिरवी खूण दाखवली: सगळ्या नोंदी आल्या, चूक एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनी घरी आलेल्या पाहुण्यांच्या पाठवणीसाठी थांबली, ऑफिसात पोहोचेपर्यंत दुपार झाली. पण सवय सुटली नाही. नकाशा लहान केला. विदर्भ गेला, भारत गेला, आणि पार वर, नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाच्या समुद्रात पिवळा पुंजका दिसला.

"कुलदीप, इकडं ये."

तो चहाचा कप घेऊन आला आणि हसतच सुटला. "गज्जब! पांढऱ्या अस्वलाले मध चारून राहिले का आपण?"

"हसू नको. तिकडं ठिपके आहेत म्हणजे बाळापुरात नाहीत. बाळापुरात नाहीत म्हणजे खबर कोणालाच गेली नाही."

कुलदीपचा कप टेबलावर गेला.

गफलत सापडायला वेळ लागला नाही. पोरांनी फोनच्या नकाशावर बोट दाबून आकडे उतरवले होते. फोन आधी अक्षांश सांगतो, मग रेखांश. वीस पॉइंट काहीतरी, शहात्तर पॉइंट काहीतरी. कुलदीपच्या नकाशाच्या फायलीला मात्र रेखांश आधी लागतो. आकडे जसे होते तसेच आत गेले. शहात्तर झालं अक्षांश, वीस झालं रेखांश, आणि अकोला जिल्हा उचलून ध्रुवाच्या वाटेला लागला.

"पण कॉम्प्युटर बोंबलला काहून नाई?" कुलदीप स्वतःलाच विचारत होता.

"काय म्हणून बोंबलेल? अक्षांश नव्वदपर्यंत चालतो. शहात्तर त्यात बसतं. नव्वदाच्या पुढचा रेखांश असता तर त्यानं ओरडून सांगितलं असतं. आपलं वऱ्हाड उलटंही खपून जातं."

कुलदीपनं दोन्ही रकाने अदलाबदल करून नोंदी पुन्हा चढवल्या. ठिपके समुद्रातून निघाले आणि बाळापूर, पातूर, अकोटच्या शेतांवर येऊन बसले. फोनवर खबरा जाऊ लागल्या. कुलदीपनं हुश्श केलं.

दामिनीनं टोपली पुन्हा उपडी केली.

समुद्र रिकामा होता. पण जिल्ह्याच्या बाहेर, बुलढाण्याच्या डोंगरात, एक ठिपका एकटाच बसला होता. आजूबाजूला ना शेत, ना विहीर, सगळा झाडोरा. नाव लिहिलं होतं सूर्यभान गावंडे.

"असेल बापा. जंगलातबी ठेवतेत लोक पेट्या," कुलदीप म्हणाला.

"कांद्यासाठी ठेवल्यात असं लिहिलंय. डोंगरात कांदा कुठं?"

तिनं फोन लावला.

"सूर्यभानकाका, अमरावतीहून दामिनी बोलतेय, ड्रोनच्या ॲपमधून. तुमच्या पेट्या कुठं आहेत?"

"कुठी म्हणजे? माह्याच समोर हायत. मन नदीच्या काठी, बाळापूरच्या अंगाले. काहून जी?" माणसाचा आवाज मऊ होता, मागं माश्यांची गुणगुण ऐकू येत होती.

"काका, नकाशात त्या बुलढाण्याच्या डोंगरात दिसतात."

"मी तर कालपासून बूड हलवलं नाई, बाई. माश्या गेल्या असतीन फिरायले, पेट्या कशा जातीन?"

"जागेचे आकडे कोणी लिहून घेतले?"

"आले होते एक भाऊ. त्याच्या फोनले रेंज नव्हती. मंग म्या माहं जागा सांगणारं जुनं यंत्र काढलं. सर्वेवाल्या सायबानं रिटायर होताना मले देल्तं. त्यातलं पाहून त्यानं टाकलं."

"यंत्र जवळ आहे? मला जसं दिसतं तसं वाचून दाखवता?"

थोडी खुडबूड झाली. मग सूर्यभान एकेक अक्षर चाचपत वाचू लागला. "वीस... मंग वर बारकंसं गोल. मंग चाळीस, टिंब, दोन. शेवटी वर एक टिचकीवानी रेघ."

दामिनी उठून उभीच राहिली. ते गोल म्हणजे अंश, ती रेघ म्हणजे मिनिटं. यंत्र वीस अंश चाळीस मिनिटं म्हणत होतं. ॲपच्या चौकटीत गोल टाकायला जागा नाही, म्हणून भावानं सरळ वीस पॉइंट चाळीस लिहून दिलं. पण तास जसा साठ मिनिटांचा, तसाच अंशही साठाचा. चाळीस मिनिटं म्हणजे अंशाचे दोन तृतीयांश. चाळीसला साठानं भागलं की वीस पॉइंट सदुसष्ट येतं. दुसऱ्या आकड्याचीही तीच गत. तेवढ्यानं पेट्या चाळीसेक किलोमीटर सरकल्या होत्या.

तिनं भागाकार करून ठिपका नव्या जागी ठेवला. नदीचं वळण, वळणाशी कांद्याचा प्लॉट. आणि बांधाला बांध लागून टरबुजाचं एक शेत, ज्याच्यावर उद्या सकाळची फवारणी लागलेली. ड्रोनवाला नितेश. ॲपनं त्याला लिहून दिलं होतं: जवळपास पेट्या नाहीत.

"काका, शेजारच्या टरबुजावर उद्या सकाळी औषध आहे."



"बाई," सूर्यभान म्हणाला, "मागं एकदा संत्र्याच्या बागेत असंच झालं. म्या खराट्यानं माश्या झाडल्या होत्या. एका पेटीपासून पुन्हा सुरू केलं. आता पुन्हा सुरू करायची ताकद नाई माह्यात."

"वेळ आली नाही तशी. थांबा."

नितेश फोनवर आधी तडकला. "ताई, सकाळचा टाइम देल्ला, पाण्याचा टँकर सांगितला. तुमचंच ॲप म्हणते रान मोकळं हाय!"

"ॲप चुकलं. चूक आमची आहे, नितेशभाऊ. पण माश्या मेल्या तर कांद्याचं बी बसणार नाही आणि तुमच्या टरबुजाला फळही धरणार नाही."

नितेशचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "टरबूजवाल्याले काय सांगू?"

"हेच सांगा."

"नंबर द्या त्या काकाचा. तुमी मंधात नका पडू आता, आमचं आमी पाहतो."

दोघांनी पाहिलं. फवारणी दिवस मावळताना ठेवली. माश्या घरी परतल्यावर सूर्यभाननं पेट्यांच्या तोंडांना जाळी लावली, वर ओली पोती टाकली, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावरच जाळी काढली. कुलदीपनं तोवर ॲपला दोन्ही जिल्ह्यांची कुंपणं घातली, बाहेर पडणारा ठिपका आतच घ्यायचा नाही अशी. अंश-मिनिटांसाठी वेगळी चौकटही केली. दामिनीच्या सवयीवर मात्र तो पुन्हा बोलला नाही. उलट आता सकाळी तोच विचारतो, "पाहिलं का ताई, उपडी करून?"

मार्च सरता सरता एक उंच, उन्हानं रापलेला माणूस त्या अरुंद जिन्यानं वर आला. खांद्यावर टरबूज, हातात थैली.

"दामिनीबाई कोण हाय जी?"

"मीच. सूर्यभानकाका ना?"

"वळखलं!" त्यानं टरबूज कुलदीपच्या टेबलावर ठेवलं. "हे शेजारच्या वावरातलं. धनी म्हणला, माश्या वाचल्या म्हणून लगडलं, घेऊन जा. कांद्यावाल्यानं तर पुढच्या सालची जागा आत्ताच सांगून ठेवली." मग जरा लाजून म्हणाला, "तो समुद्र दाखवता का? घरी सांगतो तर बायको म्हणते, लबाड बोलून राहिला."

दामिनीनं नकाशा लहान केला आणि पांढऱ्या-निळ्या भागावर बोट ठेवलं. सूर्यभान खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"लय थंड असन तिथं," तो म्हणाला. "तिथून आणल्या तुमी माह्या माश्या. मी काय देऊ तुमाले?"

"मला काही नको. हे माझ्या आईचं शिकवणं आहे, काका."

"मंग हे तिलेच द्या." त्यानं थैलीतून मधाची बाटली काढली. "कांद्याचा हाय, वास जरा उग्र येते. पण निखळ हाय."

रविवारी दामिनी एसटीनं अचलपूरला गेली. फुलांचं बसणं आटोपून गोदाबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. दामिनीनं सगळं सांगितलं, समुद्र, डोंगर, साठाचा भागाकार. आईला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. पण सूर्यभाननं खराट्यानं माश्या झाडल्या तिथं तिनं पदर तोंडाला लावला.

"वाचल्या ना पण?"

"वाचल्या. त्यानं तुझ्यासाठी पाठवलंय."

गोदाबाईनं बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि सवयीनं उलटी केली. आतला बुडबुडा दाट मधातून सावकाश, अगदी सावकाश वर चढू लागला. तो टोकाला पोहोचेपर्यंत ती पाहत राहिली.

"चांगला माणूस हाय," गोदाबाई म्हणाली, आणि पोळी आणायला आत गेली.