साठ सेकंदांत न मावलेले बाबा

छत्तिसाव्या वर्षी मी कामच बदलायला निघालो होतो. नमकीनच्या गोदामातून गावोगावी माल रवाना करायचो. गोदाम बंद होणार कळल्यावर क्लास लावला, डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं ठरवलं. अर्ज जायचे, उत्तर यायचं नाही. शेवटी एका कंपनीने साठ सेकंदांचा ओळखीचा व्हिडिओ मागितला. निदान कोणी तोंड तरी बघणार होतं!

स्क्रिप्ट लिहायला बाबाच सरसावले. मिलमधले निवृत्त कारकून, हौस दांडगी. जुन्या इंदूरच्या आमच्या मराठी घरांत ओळख म्हणजे आधी मूळ गाव, मग घराणं, आणि उरलंच तर माणूस. बाबांनी तसंच लिहिलं. मी वाचायला लागलो. संस्थानच्या पागेतले पणजोबा, आजोबा, मग बाबा... मिनिट संपलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

"बाबा, मी त्यांच्या काय कामाचा, एवढंच हवंय त्यांना."

"अरे, घरदार न सांगता कोण भरोसा करेल, यार?" म्हणत ते फुरंगटून चहा ठेवायला गेले.

तेवढ्यात मी नवीन लिहिलं. सुरुवातच केली, 'मला या क्षेत्राचा अनुभव नाही, पण...' चहा घेऊन आलेल्या बाबांनी ते वाचलं आणि भडकले.

"पाहुण्याला पाटावर बसवून आधीच सांगायचं का, भाजी बिघडली म्हणून? हटाव ये! ते हातोदचं सांग ना."

हातोद या गावाहून न खपलेली पाकिटं सारखी परत यायची. मी परतीचा हिशेब एक्सेलमध्ये मांडला, तर दिसलं, आमची गाडी तिथल्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पोचत होती. गाडीचा दिवस बदलला, परती घटली. हे मी कधीतरी जेवताना बोललो होतो. बाबांनी ते जपून ठेवलं होतं.

मग स्क्रिप्ट जमली: मी कोण, हातोदचा किस्सा, क्लासमध्ये काय शिकलो, आता कोणतं काम हवंय. वाचून बघितलं, तरी थोडी लांबत होती. बाबांचं मन राखायला मी एक वाक्य ठेवलं होतं, वडील मिलमध्ये होते असं. बाबांनी पेन घेऊन तेच खोडलं.

"मला काढ. तुझी जागा खातोय मी."

ते हसत होते. मला मात्र गलबलून आलं.

खिडकीपाशी डब्यांना टेकवून मोबाइल उभा केला. मोबाइलच्या मागे बाबा, श्वास रोखून. शेवटचं वाक्य वेळेत संपलं आणि मी त्यांच्याकडे बघून हसलो. ते हसू व्हिडिओत तसंच राहिलं, कंपनीकडे गेलं.

मुलाखतीला बोलावणं आलं. हातोदबद्दल खोदून खोदून विचारलं. मग समोरच्या बाई म्हणाल्या, "शेवटी कोणाकडे बघून हसलात?"

"वडिलांकडे."

"सांगा ना त्यांच्याबद्दल."

नोकरी मिळणार की नाही, तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. पण मी बाबांबद्दल पोटभर बोललो, आणि मला कोणी थांबवलं नाही.