तारीख बरोबर होती

त्या वर्षी सोयाबीनच्या सरकारी खरेदीच्या हंगामात मी बुलढाण्याच्या नोंदणी कार्यालयात रात्रपाळीचा ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे काय, तर दिवसा राहिलेले अर्ज टाइप करायचे, रात्री यादी बनवायची आणि ती यादी मोताळ्याच्या खरेदी केंद्रावर पोहोचली की रजिस्टरमध्ये लिहायचं, 'फाइल गेली. सही.' पगार हंगामी, खुर्चीचा एक पाय हलता, आणि झोप अशी की डोळे उघडे ठेवून घोरायची सवय लागलेली. दिवसा घरी झोप लागायची नाही. बाहेर भांडीवाला ओरडायचा, शेजारी टीव्ही. कंटाळा म्हणतात तो मला त्या वर्षी हाडापर्यंत कळला.

कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं रामायण त्यातच आहे. शेतकरी सातबारा घेऊन बुलढाण्याला यायचा, नोंद करायचा आणि क्रमांकाची चिठ्ठी घेऊन जायचा. चिठ्ठीवर कोणत्या दिवशी माल आणायचा ते लिहिलेलं. आमच्याकडं दोन मशिनी होत्या. मोठीवर सगळ्या नोंदी. रात्री दहाला मी तिच्यातून यादी काढायचो. पहिल्या शेतकऱ्यापासून त्या दिवसाच्या शेवटच्या माणसापर्यंत सगळी नावं एका फाइलमध्ये, आणि ती फाइल धाकट्या मशीनमध्ये टाकायची. नाव रोज तेच, 'यादी'. नवी आली की जुनीवर बसायची. धाकट्या मशीनला टेलिफोनची लाइन होती. साडेअकराला ती आपोआप मोताळ्याला जोडून घ्यायची, तिथं त्या दिवसाच्या तारखेचा फोल्डर करायची, आत फाइल टाकायची, तशीच एक प्रत स्वतःकडंही तारखेनं ठेवायची, आणि पडद्यावर यायचं: एक फाइल कॉपी झाली, चुका शून्य.

मोताळ्याला केंद्रावर एक काका होते. फाटकावर तेच, यादीवर तेच, रात्री मशीनपाशी झोपायलाही तेच. यादीत नाव असलं तरच गाडी आत, असा नियम. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, नुसता आवाज ओळखायचो. फाइल पोहोचली की फोन यायचा, "भाऊ, आली बरं. एक फाइल. झोपतो मी आता." मी म्हणायचो, "झोपा काका." तेवढंच. पण अख्ख्या रात्रीत माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं, खोटं कशाला बोलू.

मग लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक आलं. रात्री साडेनऊ ते साडेबारा अंधार. धाकटी मशीन इन्व्हर्टरवर चालायची, मोठी नाही चालायची. मी साहेबांना विचारलं, यादी काढू कधी? साहेब पानाचा डबा उघडत म्हणाले, "लाइट आली की काढ ना बे. त्यात काय विचारतो?" तेव्हापासून मी यादी एक वाजता काढू लागलो. रजिस्टरमध्ये लिहिलंही, 'आजपासून यादी रात्री १ वाजता (लोडशेडिंग)'. खाली माझी सही, शेपटी ओढलेली.

साडेअकराची कॉपी साडेअकरालाच राहिली. ती वेळ मशिनी बसवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसानं बसवलेली होती, पासवर्ड त्याच्याकडं. आणि खरं सांगू, ती बदलायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी समजूत अशी की फाइल आली की मशीन तिला उचलते. मशीनला काय माहीत फाइल आली का नाही? तिला घड्याळ कळतं, बस. तरी कॉपी चुकत नव्हती. काका फोन करत होते, मी सही ठोकत होतो.

असे दोन-अडीच महिने गेले. काही बिघडलं नाही. कारण रांग एवढी लांब की आज नोंद केलेल्याला आठ-दहा दिवसांनी बोलावायचे. तोवर त्याचं नाव मोताळ्याच्या यादीत येऊन जुनं झालेलं. हंगाम सरत आला, रांग आटली, आणि चिठ्ठीवर 'उद्या या' पडू लागलं. तिथं सगळं फसलं.

माणूस सकाळी ट्रॉली भरून फाटकावर. काका सकाळी छापून ठेवलेली यादी पाहायचे, नाव नाही. "उद्या या दादा." दुसऱ्या दिवशी पाहायचे तर नाव आहे! आता लोक काय समजतील? काल नव्हतं, आज आलं. मधल्या रात्रीत काय झालं? चहापाणी झालं, दुसरं काय! वडनेर भोलजीची एक बाई, मोताळ्याजवळ माहेरची जमीन कसायची, ट्रॅक्टर भाड्यानं आणून उभी. तिची चिठ्ठी अस्सल होती. काकांना राहवलं नाही. त्यांनी छापील यादीच्या खाली शाईनं तिचं नाव लिहिलं आणि गाडी आत घेतली. मागच्या तिघांना परत पाठवलेलं. झालं. ते तिघे तक्रार घेऊन साहेबांकडं, आणि शाईतलं ते नाव म्हणजे मोठाच पुरावा.

त्याआधी काकांनी मला दोनदा विचारलं होतं. "भाऊ, नावं मागंपुढं काऊन होऊन राह्यली? पाहा ना जरा तुमच्याकडं." आणि मी शहाणा काय म्हणालो? "काका, मशीन चूक नाही करत. चुका शून्य म्हणते ती. तुमच्याच डोळ्यांकडं पाहा एकदा." डोळे चोळत म्हणालो होतो. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, पण स्वतःवरच.

तिसरा फोन संध्याकाळी आला, मी नुकताच खुर्चीत बसलेलो. "भाऊ, उद्या अकराले साहेबानं बोलावलं. काढूनच टाकतो म्हणे. नोकरी गेली तं गेली हो, पण गावात काय तोंड दाखवू? मी कोणाचं नाव काढलं नाही. जशी आली तशी छापली मी." आवाज कापत होता. मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

त्या रात्री मी पहिल्यांदा खरंच पाहिलं. त्या बाईची नोंद मोठ्या मशीनमध्ये होती, मंगळवारी दुपारची. मंगळवारी रात्री साडेअकराला मोताळ्याला गेलेली यादी धाकट्या मशीनमध्ये जपून होती, दर तारखेची एकेक प्रत. उघडली. बाई नाही. शेवटचं नाव सोमवारी संध्याकाळच्या माणसाचं. बुधवारची उघडली. शेवटचं नाव मंगळवारचं. मागं मागं जात राहिलो. प्रत्येक फोल्डरवर त्या दिवसाची तारीख, आत आदल्या दिवसापर्यंतची माणसं. लोडशेडिंग सुरू झालं त्या दिवसापर्यंत हेच. त्याच्या आधीचं सगळं बरोबर.

तरी मला फाइलची तारीख पटत नव्हती. मंगळवारच्या फोल्डरमधल्या फाइलवर तारीख मंगळवारचीच! मग चूक कुठं? पाणी प्यायलो, परत पाहिलं. तारखेपुढं वेळ होती. एक वाजून चार मिनिटं, मध्यरात्रीनंतरची. कॉपी केली तरी फाइल आपली बनण्याची मूळ वेळ सोबत घेऊन जाते. म्हणजे सोमवारचं काम संपवून मंगळवार उजाडायच्या आत मी काढलेली यादी. ती दिवसभर धाकट्या मशीनमध्ये पडून राहिली आणि मंगळवारी रात्री साडेअकराला मोताळ्याला गेली. मंगळवारची खरी यादी त्यानंतर दीड तासानं बनली, आणि बुधवारच्या रात्रीची वाट पाहत बसली. रोज. तारीख जुळत होती म्हणून वेळ कोणी वाचलीच नाही. काकांच्या छापील कागदावर तर छापल्या दिवसाचीच तारीख पडायची.

रजिस्टर उघडलं. 'आजपासून यादी रात्री १ वाजता.' शेपटीवाली सही.  ते पान फाडलं असतं तर कोणाला कळलं असतं? मनात आलं, हो, आलं. मला घरी दोन माणसं पोसायची होती. मग फोनवरचा तो कापरा आवाज आठवला आणि माझीच मला किळस आली.

सकाळी घरी गेलोच नाही. अकराला साहेबांच्या खोलीबाहेर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक वाळका माणूस बाकावर बसलेला. मी म्हणालो, "काका?" त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि उठून उभे राहिले. माझ्यासाठी उभे राहिले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत मी दोन याद्या आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. "चूक माझी आहे साहेब, यांची नाही." साहेबांनी पान बाजूला थुंकलं, रजिस्टर वाचलं, मग स्वतःचं 'लाइट आली की काढ' आठवलं असावं, कारण एकदम मऊ झाले. म्हणाले, "जाऊ द्या. हे कागदावर नको. वेळ दुरुस्त करून घे. आणि तुम्ही, शाईनं नावं लिहायची नाहीत परत. जा कामावर." काकांनी हात जोडले. बाहेर आल्यावर मला चहा पाजला, पैसे मला देऊ दिले नाहीत. एक शब्द टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ठेकेदाराचा माणूस आला, कॉपीची वेळ दीडला नेली. दुसऱ्या सकाळपासून आदल्या दिवसाची नावं यादीत हजर. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आठवड्यानं आठवडी बाजाराच्या दिवशी मोताळ्याला गेलो, काकांना भेटायला. फाटकाजवळ चहाच्या टपरीवर दोघं बोलत होते.

"आता पाहा, कशी पटापट नावं चढतात."

"साहेबानं कान पिळले ना त्याचे. सुधारला बुढा."

 मी मधे पडलो. म्हणालो, अहो, चूक माझी होती, कॉम्प्युटर कालची फाइल पाठवत होता. त्यांनी मला वरून खाली पाहिलं. एक हसून म्हणाला, "हाव ना, हाव. हापिसातले एकमेकाले सांभाळूनच घेतात." दुसरा पैसे देऊन निघूनही गेला. कागदावर काही नव्हतंच, दाखवणार काय?

काका फाटकात उभे होते. त्यांनी ऐकलं असणार, टपरी दहा पावलांवर. ते यादीवर बोट ठेवून पुढच्या माणसाचं नाव शोधत राहिले, वर पाहिलं नाही.

हंगाम संपेपर्यंत रात्री दीडनंतर फोन येत राहिला. ते आता झोपायचे नाहीत त्या वेळेपर्यंत. "भाऊ, आली. शेवटचं नाव वाचतो, ऐका." मी मोठ्या मशीनवर जुळवायचो. जुळलं की म्हणायचो, बरोबर काका. ते म्हणायचे, "आजचीच हाय ना?" मी म्हणायचो, आजचीच. पुढच्या हंगामात फाटकावर दुसरा माणूस होता. काकांनी स्वतःहून नाही म्हटलं होतं.