रिकाम्या चेंडूची रेघ

झरवलीनं मेसच्या भिंतीवर कागद चिकटवला, आणि त्याच कागदापायी त्याच्या सख्ख्या भाच्याच्या पाठीत बॅट बसली. चिकटपट्टीचा तुकडा अजून झरवलीच्या दातांतच होता.

झरवली म्हणजे शारजाच्या आमच्या मजूर कॅम्पातला शटरिंगचा सुतार. माणूस पाकिस्तानातल्या दीर भागातला. पाठीत जरा वाकलेला, कानामागे कायम लाल शिसपेन्सिल. आठवडाभर फळ्या कापायच्या आणि शुक्रवारी मैदानाच्या कडेला उलट्या बादलीवर बसून स्कोअर लिहायचा, हे त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं. कुणी त्याला हे काम सांगितलं नव्हतं. पण अंपायरसुद्धा वाद झाला की आधी बादलीकडे बघत. सामना संपला की तो डावाचे खांब काढून मेसच्या भिंतीवर लावायचा. एका ओव्हरला एक खांब, जितक्या धावा तितका उंच. जेवणाच्या रांगेत उभं राहून ते वाचायचं आणि एकमेकांची उणीदुणी काढायची, ही आमची करमणूक होती.

त्या शुक्रवारी मात्र करमणुकीची वेळ नव्हती. फायनल होती. जिंकणाऱ्या संघाला ईदेला घरी जायची विमानाची तिकिटं, असं मुदीर, म्हणजे कंपनीचा मॅनेजर, स्वतः सांगून गेला होता. दोन-दोन वर्षं घर न बघितलेली माणसं ती. आणि आम्ही हरलो, तेही अवघ्या सहा धावांनी.

कप्तान बख्त रवान भिंतीपुढे उभा राहिला. हाच आमचा फोरमन. आडवा गडी, मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर.

"या रे, बघा सगळे," तो म्हणाला. "पहिल्या सहा ओव्हरी बघा. नऊ, अकरा, आठ, बारा, दहा, आठ. टॉवर उभे केलेत. आणि सातवीपासून? तीन, चार, दोन, पाच. पार चौदावीपर्यंत झोपड्या. शेवटच्या पोरांनी परत टॉवर बांधले, पण तोवर वेळ गेली. या झोपड्यांच्या वेळी सलामीचा कोण उभा होता?"

सगळ्यांची तोंडं इक्रारकडे वळली. इक्रार झरवलीच्या बहिणीचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, सळया बांधणारा. दाराशी पायरीवर बसला होता. पॅड सोडले होते, पण हातातले ग्लोव्ह अजून तसेच होते.

"किती घेतलेस?" बख्त रवाननं विचारलं.

"काय किती?"

"समोरच्या कॅम्पाकडून. पहिल्या सहा ओव्हरी मारतोस आणि मग मेल्यासारखा उभा राहतोस. आम्ही काय गवत खातो?"

इक्रार उठून उभा राहिला, तेवढीच त्याची चूक. बख्त रवानची बॅट पाठीत बसली. दुसरा फटका मांडीवर. मग गर्दीच तुटून पडली. कुणी बुटानं मारलं, कुणी स्टंप घेतला, एकानं तर डाळीचा मोठा डाव घेतला. भुवईच्या वर कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तरी पोरगा उजवा हात पोटाशी दाबून डाव्या हातानंच डोकं झाकत होता. झरवली मधे घुसला तर कुणाचं तरी कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि तो भिंतीवर आपटला. तिथून त्याला तो पोटाशी दाबलेला हात दिसला. सातवी ओव्हर त्याला आठवली. एक चेंडू उसळून बॅटच्या दांड्याजवळ, ग्लोव्हला लागला होता, इक्रार क्षणभर वाकला होता. झरवलीनं तेव्हा रिकाम्या चेंडूचा ठिपका लिहिला आणि पुढच्या चेंडूकडे बघितलं होतं.

त्यानं कमरेची हातोडी काढली आणि पत्र्याच्या दारावर हाणली. हाणतच राहिला. कानठळ्या बसून माणसं थांबली.

"मारायचंच आहे ना? मग पुरावा बघून मारा," तो ओरडला. "तुमचा पुरावा अर्धा आहे. खांब फक्त एवढंच सांगतो की त्या ओव्हरीत किती झाल्या. कुणी केल्या, कुठे केल्या, का आटल्या, हे खांबाला कळत नाही."

"मग कशाला कळतं?" बख्त रवाननं विचारलं. बॅट खाली घेतली नव्हती.

"चाकाला."

दाराशी प्लायवुडचा ताव टेकवलेला होता. झरवलीनं तो आडवा केला, खिळ्याला दोरी बांधून मोठं वर्तुळ मारलं आणि मधे छोटी खेळपट्टी आखली. वही मांडीवर घेतली. प्रत्येक धावेपुढे चेंडू मैदानाच्या कुठल्या भागात गेला त्याचा आकडा तो लिहीत असे. मैदानाचे त्यानं आठ भाग पाडलेले. फलंदाज कुठल्याही टोकाला असो, चाकावर तो कायम वरच्याच टोकाला उभा, खाली तोंड करून. म्हणजे त्याची लेग साइड कायम एकाच बाजूला येते.

"प्रत्येक धावफटक्याला एक रेघ," तो म्हणाला. "फलंदाजाच्या पायापासून निघायची, चेंडू गेला तिकडे जायची. चौकार असेल तर थेट कडेपर्यंत. हा इक्रार, पहिल्या सहा ओव्हरींतला. लाल."

लाल रेघा सपासप पडल्या. मिडविकेटकडे, सरळ, परत मिडविकेट, लाँग ऑनच्या डोक्यावरून. सगळा पसारा लेगला आणि समोर.

"आता सातव्या ओव्हरीपासूनचा. निळा."

निळ्या खडूच्या रेघा आखूड होत्या आणि सगळ्या उलट्या बाजूला, पाठीमागे. थर्ड मॅन, पॉइंट, परत थर्ड मॅन. लेगला किंवा समोर एक रेघ नाही. माणसं वाकून बघायला लागली.

"विकलेला माणूस काय करतो? बाद होतो, नाहीतर चेंडू सोडतो. हा प्रत्येक चेंडूला बॅट लावून धावतोय. पण लेगला ओढायला खालचा हात लागतो, उजवा. मागे नुसतं वळवायला वरचा हात पुरतो. इथं खालचा हात संपलाय."

"थापा मारू नकोस," बख्त रवान म्हणाला. "सातवीपासून त्यांनी चेंडूच ऑफच्या बाहेर टाकले असतील. मग लेगला कुठून मारणार? चेंडू कुठे पडला हे दाखवतं का तुझं चाक?"

गर्दीत कुजबुज झाली. मुद्दा खरा होता, आणि झरवलीला तो खराच वाटला. चाकाला चेंडू कुठे पडला ते कळत नाही, कुठे गेला एवढंच कळतं. त्यानं वहीची पानं मागे उलटली.

"तुझंच चाक काढतो, कप्तान," तो मग म्हणाला. "सातवीपासून चौदावीपर्यंत त्याच्या जोडीला तूच होतास. तेच गोलंदाज, त्याच ओव्हरी, तूही उजवाच."

"काढ. घाबरतो का मी?"

शेजारी दुसरं वर्तुळ पडलं. बख्त रवानच्या रेघा आखूडच होत्या, पण झाडून सगळ्या लेगला. स्क्वेअर लेग, फाइन लेग, मिडविकेट.

"बघा. चेंडू पायावर येत होते. यानं पायावरूनच घेतल्यात. तेच चेंडू इक्रारला लेगला खेळता आले नाहीत. इक्रार, ग्लोव्ह काढ."

"मामा, नको."

"काढ म्हणतो ना."

निघेना. झरवलीनं पातं घालून ग्लोव्ह चिरला. अंगठा काळानिळा, दुप्पट सुजलेला, आणि सांध्याच्या खाली भलत्याच बाजूला वळलेला. कुणीतरी तोंड फिरवलं. सळया बांधणाऱ्याचा अंगठा गेला की कंपनी त्याला घरी पाठवते, हे कॅम्पात प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून पोरगा ग्लोव्ह काढत नव्हता, आणि मार खातानाही बोलला नव्हता.

झरवलीला वाटलं, झालं. आता ही माणसं पाणी आणतील, लाजतील, पांगतील.

पण समद गुल नावाचा एक प्लंबर अजून फळीशीच बसला होता. मघाशी डाळीचा डाव त्याच्याच हातात होता. तो दुसऱ्या चाकावर बोट फिरवत होता.

"झरवलीकाका, या चाकात एवढ्याच रेघा?"

"एवढ्याच."

"चेंडू किती खेळला?"

झरवलीनं उत्तर द्यायला नको होतं. पण तोंडावर अजून रक्त होतं, बहिणीचा मुलगा पायरीवर कण्हत होता, आणि राग डोक्यात गेला होता. आणि खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी बरं वाटत होतं.

"एकोणतीस," तो म्हणाला. "रेघा नऊ. सगळ्या एकेरी. उरलेले वीस रिकामे गेले. रिकाम्या चेंडूची रेघ नसते, म्हणून कुणाला दिसत नाही. इक्रारनं तुटक्या हातानं एकोणीस चेंडूंत चौदा काढल्या. त्या झोपड्या कुणी बांधल्या ते तुम्हीच बघा."

बख्त रवाननं तोंड उघडलं. काय म्हणणार होता कोण जाणे. समद गुलनं त्याच्याच हातातली बॅट हिसकावली आणि जबड्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मेसभर ऐकू आला. मग तीच माणसं, तेच बूट, तोच स्टंप. फोरमननं इतकी वर्षं दिलेल्या शिव्या एकेकाला आठवत होत्या. पडल्यावरही त्याला सोडत नव्हते.

"अरे थांबा," झरवली ओरडत होता. "रिकामं चाक म्हणजे विकलेला माणूस नव्हे. म्हातारा झालाय तो, नजर गेलीय, स्पिनर कळत नव्हते त्याला."

"पुरावा बघूनच मारतोय, काका," कुणीतरी म्हणालं.

हातोडी परत दारावर आपटली, पण या वेळी कुणी वळलं नाही. शेवटी इक्रारच उठला. लंगडत गेला आणि बख्त रवानच्या अंगावर आडवा पडला, तो मोडका हात वर धरून. दोन लाथा त्याला बसल्या. मग तो अंगठा बघून समद गुलनंच बॅट टाकली.

झरवलीनं ते प्लायवुड उचललं आणि अंगणात नेऊन करवतीनं कापलं. चाकांच्या मधोमध, मग परत, मग परत. काप वाकडे गेले.

कंपनीनं इक्रार आणि बख्त रवान दोघांनाही कामावरून काढलं. एकाचा अंगठा गेला म्हणून, दुसऱ्यानं मारामारी सुरू केली म्हणून. ईदेच्या आधी कॅम्पात विमानाची दोनच तिकिटं आली, ती त्या दोघांची. पेशावरचं एकच विमान.

गेटवर गाडी उभी होती. इक्रारचा हात प्लॅस्टरमध्ये, बख्त रवानचा जबडा तारांनी बांधलेला. झरवली दोघांच्या बॅगा उचलून घेऊन आला होता. इक्रार मामाच्या गळ्यात पडला आणि पुढे जाऊन बसला. बख्त रवान मागे थांबला. दातांच्या फटीतून, ओठ न हलवता तो बोलला.

"माझं चाक खरं काढलं होतंस का?"

"हो, कप्तान."

"वीस रिकामे?"

"वीस."

बख्त रवाननं मान हलवली. "मला वाटलं होतं, मी बरा खेळलो," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

पुढच्या शुक्रवारी झरवली परत बादलीवर बसला. सामन्यानंतर समद गुल भिंतीपाशी येऊन उभा राहिला आणि खांब कुठे आहेत म्हणून विचारू लागला. झरवलीनं त्याला एकूण धावा सांगितल्या, वही पोटाशी दाबली आणि डाळीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.