वाक्य पुरं होऊ दे

गुंडोअण्णांचं सगळं आयुष्य चामराजपेटेत गेलं आणि नोकरी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. शेडमध्ये बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या नळ्या, बनत; त्या तपासणाऱ्या खात्याचे अण्णा प्रमुख. हात तरबेज, जीभ मात्र अडखळणारी. साडेआठच्या मीटिंगला साहेबांपुढं उभं राहिलं, की शब्द घशातच बसकण मारायचे.

त्या सोमवारी त्यांच्या हाताखालची सत्यवती म्हणाली, "सर, भोक मोजायचा गेज झिजलाय, कालचा लॉट..."

"तो तपासून झालाय, दुपारी गाडीत चढतोय," उत्पादनातला महांतेश मध्येच बोलला. मीटिंग पुढं सरकली.

झिजलेला गेज अरुंद भोकातही सरळ शिरतो, आणि खराब बुशही पास होतो. तीन दिवसांनी अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला, आणि तपासणी तिची म्हणून सत्यवतीच्या नावाचा ठपक्याचा मेमो टाइप व्हायला गेला. ती काय सांगणार होती, हे अण्णांना तेव्हाच ठाऊक होतं. तरी ते खाली बघत बसले होते.

त्याच दिवशी पाळी सुटल्यावर त्यांनी महांतेशला गेज-खोलीत बोलावून दार लोटलं.

"सोमवारी सत्यवतीचं वाक्य तू मध्येच तोडलंस. तिचं सांगणं राहून गेलं, लॉट परत आला. एकट्या तुझ्या माथी मारत नाही, मीही गप्प होतो. तुझं डोकं लवकर चालतं, ते हवंच आहे. फक्त समोरच्याचं संपू दे. मग पहिला तूच बोल."

महांतेश निपाणीकडचा, बोलायला मोकळा.

"अण्णा, तोडायचं तुम्हीच शिकवलंसा की. चार वर्सांमागं, पहिल्या मीटिंगच्या दारात. म्हणालासा, साहेबांपुढं माझी जीभ लटपटते, माझं वाक्य तू उचलून पुरं कर. तुमचं वाक्य म्हंजे संपावरची बस, यायचा पत्ता न्हाई. म्हणून मी उचलत गेलो. मग सगळ्यांचीच उचलायची खोड लागली."

अण्णांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या सोयीसाठी त्यांनी पोराच्या तोंडाला हे वळण लावलं होतं, आणि भोगत होती सत्यवती.

"खरं आहे," ते म्हणाले. "तेव्हाचं ते सांगणं मी मागं घेतो. माझंही वाक्य उचलू नकोस."

"सरी, चालंल. पर खोड एका दिसात जाती व्हय?"

"वही घेऊन बस. मनात आलं की लिही. विसरलास तर मी नुसता हात टेकवीन टेबलावर, चारचौघांत बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मीटिंगला मेमो साहेबांपुढं सहीला होता. अण्णा उठले. "सर, सोमवारी सत्यवती..." पुढं शब्दच येईनात. सवयीनं त्यांनी महांतेशकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले. मग मान खाली घालून तो वहीत काहीतरी खरडू लागला.

"...सत्यवती गेजबद्दलच सांगत होती. मला कळलं होतं. तिचं वाक्य तुटलं, तरी मी गप्प बसलो."

एवढं सांगायला फार वेळ लागला. मध्ये कुणी बोललं नाही. साहेबांनी सही न करताच पेनाला टोपण लावून मेमो बाजूला सारला. टेबलापलीकडच्या सत्यवतीनं मात्र अण्णांकडं पाहिलं नाही. सोमवारी त्यांनीही तिच्याकडं पाहिलं नव्हतं.