सदस्य सचिव

आमच्या यवतमाळच्या कार्यालयात आदेश कोणी नव्याने लिहीत नाही. जुनी नस्ती काढायची, नाव-गाव बदलायचं, सहीला ठेवायचं. त्यात माझा हात चांगला बसलेला, आणि त्याचा मला माजही होता.

आर्णीकडच्या एका आरोग्य केंद्रात लसीचा फ्रीज बंद पडून साठा वाया गेला, तेव्हा चौकशी समितीचा आदेश मीच तयार केला. अध्यक्ष अतिरिक्त जिल्हा आरोग्य अधिकारी, एक सदस्य, आणि सदस्य सचिव तालुका आरोग्य अधिकारी. साठा खराब होण्याची कारणं शोधणं आणि जबाबदारी निश्चित करणं हे काम. मुदत पंधरा दिवस. अहवाल मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. सही झाली, आदेश निघाला.

दुसऱ्याच दिवशी तिथली कंत्राटी आरोग्य सेविका माझ्या टेबलापाशी आली. हातात तीन पत्रांच्या पोचपावत्या होत्या. फ्रीज नीट चालत नाही, असं तिने तालुक्याला तीनदा कळवलं होतं.

"दादा, माही पत्रं ज्यायच्या टेबलावर पडून होती, तेच साहेब चौकशीत कसे?" ती म्हणाली. "वीस दिवसांनी माहा करार संपते. अहवाल आल्याबिगर नवा देत नाही म्हणतात."

माझं चुकलं होतं. जुन्या आदेशात सदस्य सचिव तालुक्याचेच होते, मी तसेच उतरवले. शुद्धिपत्रकाची टिपणी ठेवायला अर्धा तास लागला असता, पण वर लिहावं लागलं असतं की चूक माझी. बघतो म्हणालो आणि आठ दिवस बघतच राहिलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी स्वतःची समजूत घालत होतो. खरं तर मी भ्यालो होतो.

नवव्या दिवशी टिपणी ठेवली. आमचे साहेब रागावले नाहीत. शुद्धिपत्रकावर सही केली, सदस्य सचिव दुसऱ्या तालुक्याचे नेमले, आणि नव्याने जबाब घ्यायचे म्हणून त्या दिवसापासून पुन्हा पंधरा दिवस दिले. मी बोटांवर मोजलं. तिच्या कराराला अकराच उरले होते.

बदललेल्या समितीने तालुक्याची आवक नोंदवही मागवली. तिन्ही पत्रांच्या नोंदी सापडल्या. सेविकेचा दोष नाही, असा अहवाल मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी आला. तोवर करार संपून चार दिवस झाले होते, आणि तिच्या जागी प्रतीक्षा यादीतली दुसरी बाई रुजू झाली होती.

अहवालाची प्रत घ्यायला ती स्वतः आली. उभ्या उभ्या पूर्ण वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली.

"आठ दिवस काहून थांबले, दादा?" तिने विचारलं.

मी पोचवही तिच्यापुढे सरकवली आणि सही कुठे करायची ते दाखवलं.